मिक्सर उलटा कर आणि पाटीचा फोटो पाठव

मैत्रिणीचा निरोप आला तेव्हा मिक्सर अजून खोक्यातच होता, ते बरं झालं. अमेरिकेत राहत असताना घेतलेला, चांगल्या कंपनीचा, मन जडलेला. तिने पाठवलेला फोटो समोरून काढलेला होता आणि खाली प्रश्न होता, "याला पिनचा अडॅप्टर लावला की चालेल ना?" मी उत्तर दिलं, "अजून काहीच लावू नकोस. मिक्सर उलटा कर आणि बुडाशी चिकटवलेल्या पाटीचा फोटो पाठव."

अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. भिंतीतून येणारी वीज जशीच्या तशी यंत्रात जाते. ती वीज यंत्राला झेपेल की नाही, हे फक्त ती पाटी सांगते. खोक्यावरच्या किंवा जाहिरातीतल्या माहितीवर विसंबून चालत नाही, कारण दिसायला एकसारखं यंत्र वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या व्होल्टेजचं बनवलेलं असतं. तुमच्या हातातल्या यंत्राचं खरं सांगणारी पाटी त्याच यंत्रावर असते. मिक्सरला ती बुडाशी असते, मायक्रोवेव्हला मागे किंवा दाराच्या चौकटीवर, फ्रिजला आतल्या भिंतीवर, तर लॅपटॉपच्या बाबतीत तारेच्या मध्ये असलेल्या चार्जरच्या डबीवर.

फोटो काढण्याबद्दलही दोन गोष्टी सांगतो, कारण मला येणारे निम्मे फोटो वाचताच येत नाहीत. पाटी बहुधा चंदेरी आणि चकचकीत असते, त्यामुळे फ्लॅश मारला की नेमके आकडेच पांढरे होतात. फ्लॅश बंद ठेवा आणि दुसऱ्या हाताने टॉर्च बाजूने, तिरका धरा. काही यंत्रांवर अक्षरं छापलेली नसतात, प्लास्टिकमध्येच उठवलेली असतात. तिरक्या उजेडात त्यांची सावली पडते आणि ती एकदम वाचता येतात. एक फोटो पूर्ण पाटीचा हवा आणि एक आकड्यांच्या ओळीचा जवळून. ओळखीबाहेरच्या कुणाला पाठवत असाल तर अनुक्रमांकावर बोट ठेवा, तो या कामाला लागत नाही.

तिने पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत कामाची ओळ एवढीच होती:

```
120V~  60Hz  500W
```

शेजारी एका चौकोनात दुसरा चौकोन असं एक चिन्हही होतं. त्याकडे नंतर येऊ. तीन आकडे याच क्रमाने वाचायचे, कारण पहिल्यावर यंत्राचा जीव अवलंबून आहे, दुसऱ्यावर त्याची प्रकृती आणि तिसऱ्यावर तुम्हाला किती खर्च पडेल ते.

पहिला आकडा व्होल्टचा. त्यापुढची नागमोडी खूण म्हणजे ही एसी, भिंतीतल्या सॉकेटमध्ये असते ती वीज. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची असते. भारतात, युरोपात आणि जगाच्या बऱ्याच भागात ती २३० च्या आसपास असते. हा फरक जवळजवळ दुप्पट आहे, पण त्याचा परिणाम दुपटीवर थांबत नाही. एक साधा हीटर घ्या, ज्याच्या पाटीवर १२० व्होल्ट आणि १५०० वॉट लिहिलंय. त्यातून साडेबारा अँपिअर प्रवाह वाहतो. आता तोच हीटर २३० व्होल्टला लावला. आतली तार तीच आहे, तिचा विरोध तोच आहे, म्हणून प्रवाहही जवळजवळ दुप्पट होतो, सुमारे २४ अँपिअर. व्होल्टेजही जवळजवळ दुप्पट, प्रवाहही जवळजवळ दुप्पट, म्हणून उष्णता चौपटीच्या जवळ जाते. हिशेब केला तर १५०० वॉटचा हीटर ५,५०० वॉट ओढू लागतो. तार लाल, मग पांढरी होते आणि तुटते. तेवढ्यात घरातला एमसीबी पडला तर नशीब.

उलट दिशेने गेलं तर चित्र इतकं भीषण नसतं. २३० व्होल्टचा हीटर १२० वर लावला तर तो आपल्या क्षमतेच्या पावभरापेक्षा थोडीच जास्त उष्णता देतो. पाणी कोमट होऊन राहतं, बिघडत काही नाही. मात्र मोटर किंवा कॉम्प्रेसर असेल तर कमी व्होल्टेजही घातक असतं. मोटरला फिरण्याइतका जोर मिळत नाही, ती जागच्या जागी गुरगुरत उभी राहते आणि तापत जाते.

आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असेल तर जास्त व्होल्टेजवर ते क्षणात जातं. यामागचं कारण फार कमी जणांना माहीत असतं. २३० हा आकडा विजेचा परिणाम मोजणारा आहे. प्रत्यक्षात एसी वीज प्रत्येक लाटेत त्याहून वर, सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढते. १२० ची वीज १७० पर्यंतच चढते. म्हणून १२० व्होल्टच्या यंत्रात कंपनीने २०० व्होल्ट सोसणारा कपॅसिटर बसवला तर त्यात चूक काहीच नाही, १७० ला तो पुरेसा आहे. ३२५ समोर तो फुगतो किंवा फुटतो. बऱ्याच यंत्रांत विजेच्या वाटेवरच व्हॅरिस्टर नावाचा, नाण्यासारखा चपटा गोल भाग असतो. व्होल्टेज फार वाढलं की तो स्वतःमधून वीज वाहू देतो आणि फ्यूज उडवतो. चुकून २३० ला लावलेलं यंत्र उघडलं की बरेचदा हेच दिसतं: फ्यूज गेलेला आणि शेजारची चकती काळी पडून चिरलेली. अशा वेळी नुसता फ्यूज बदलून उपयोग नाही, कारण आतून शॉर्ट झालेली चकती नवा फ्यूजही लगेच उडवते. चांगली बातमी ही की पुष्कळदा नुकसान तेवढ्यावरच थांबलेलं असतं आणि जाणकार दुरुस्तीवाला दोन्ही भाग बदलून यंत्र जिवंत करू शकतो.

पाटीवर एकच आकडा नसून `100-240V` असं लिहिलेलं असेल तर पुढचं जवळजवळ सगळं सोडून द्या. हे यंत्र १०० पासून २४० पर्यंत कुठल्याही व्होल्टेजवर स्वतःला जुळवून घेतं. लॅपटॉप, फोन, कॅमेरा यांचे चार्जर बहुतेक असेच असतात आणि त्यांना खरोखरच फक्त पिनचा अडॅप्टर पुरतो. पण दोन आकड्यांमध्ये आडवी रेघ आहे की तिरकी, हे डोळे बारीक करून बघा. `115/230V` अशी तिरकी रेघ असेल तर यंत्र दोन्हीपैकी एकावर चालतं आणि कुठल्या ते निवडायला बहुधा छोटा स्विच असतो. जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला मागे, प्रवासी हेअर ड्रायरला मुठीवर. तो स्विच ११५ वर असताना यंत्र २३० व्होल्टच्या सॉकेटला लावून चालू केलं तर मोठा आवाज होऊन काम संपतं. धूसर फोटोत आडवी आणि तिरकी रेघ सारखीच दिसते, म्हणून जवळचा फोटो मागतो.

आणखी एक गफलत फार होते. जपानची वीज १०० व्होल्टची आहे. "जपान, अमेरिका, सगळं ११० च्या घरातलंच" असं धरून लोक व्होल्टेज उतरवणारा एकच ट्रान्सफॉर्मर दोन्हीकडच्या यंत्रांना वापरतात. १०० व्होल्टचा हीटर १२० वर लावला की उष्णता ४४ टक्क्यांनी वाढते. एका दिवसात काही जळत नाही, पण यंत्र कायम तापलेलं राहतं आणि काही महिन्यांनी मरतं, तेव्हा कुणाला कारण आठवत नाही.

आता दुसरा आकडा, ६० हर्ट्झ. लोक हा वाचतच नाहीत. एसी विजेची दिशा सेकंदाला किती वेळा पुढे-मागे होते, त्याचं हे माप. अमेरिकेत ६०, भारतात आणि युरोपात ५०. जपानमध्ये तर दोन्ही आहेत: पूर्वेला, टोकियोकडे ५० आणि पश्चिमेला, ओसाकाकडे ६०. १८९० च्या दशकात टोकियोसाठी जनित्रं जर्मनीतून आली आणि ओसाकासाठी अमेरिकेतून, आणि तो दुभंग आजतागायत टिकला आहे. म्हणूनच जपानी यंत्रांच्या पाटीवर `50/60Hz` असं सर्रास दिसतं. इथे तिरकी रेघ असली तरी स्विच शोधायचा नाही, यंत्र दोन्हीवर आपोआप चालतं.

हर्ट्झचं महत्त्व यासाठी की तुम्ही कितीही चांगला ट्रान्सफॉर्मर आणा, तो व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ५० आत गेले की ५० च बाहेर येतात. तेव्हा प्रश्न असा उरतो की ६० साठी बनवलेलं यंत्र ५० वर काय करेल. याचं उत्तर यंत्राच्या पोटात काय आहे यावर आहे.

नुसती तापणारी तार असेल, तर काहीच फरक पडत नाही. कार्बन ब्रशची मोटर असेल, तरीही नाही. मिक्सर, ड्रिल, व्हॅक्यूम क्लीनर यांत बहुधा हीच मोटर असते. ती ओळखायला सोपी आहे: आवाज कर्कश, चढत जाणारा, आणि अंधारात हवेच्या फटींतून पाहिलं तर आत निळसर ठिणग्या चमकताना दिसतात. हिचा वेग हर्ट्झवर ठरत नाही.

पंखा, पाण्याचा पंप, जुन्या पद्धतीचा फ्रिज यांत मात्र इंडक्शन मोटर असते, शांत आणि मंद गुणगुणणारी. तिचा वेग थेट हर्ट्झला बांधलेला असतो, म्हणून ६० ची मोटर ५० वर सहा भागांपैकी पाचच भाग वेगाने फिरते. हा मंदावलेला वेग वाईट नाही, वाईट आहे ते तापणं. लोखंडी गाभ्याभोवती तार गुंडाळलेली असते आणि प्रत्येक लाटेगणिक गाभ्यात चुंबकत्व चढतं-उतरतं. हर्ट्झ कमी म्हणजे लाट लांब, म्हणजे चुंबकत्वाला चढायला जास्त वेळ. ६० ऐवजी ५० दिले तर ते वीस टक्के जास्त चढू पाहतं. पण लोखंडाला एक मर्यादा असते, त्यापुढे ते आणखी चुंबकत्व घेत नाही, आणि मग तारेतून निरुपयोगी प्रवाह भसाभस वाढतो. बाहेरून ते असं कळतं की गुणगुण जाडसर होते, कवच नेहमीपेक्षा गरम लागतं आणि वार्निश तापल्याचा वास येतो.

हे सगळ्यात जास्त भोवतं ते मायक्रोवेव्हला. इन्व्हर्टर नसलेल्या, जड मायक्रोवेव्हमध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून काम करतात आणि ती जोडी नेमक्या एका हर्ट्झसाठी जुळवलेली असते. ६० चा मायक्रोवेव्ह स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून ५० वर चालवला तर दिवा लागतो, थाळी फिरते, पदार्थही कमीजास्त तापतो, आणि आतला ट्रान्सफॉर्मर मात्र हळूहळू भाजत असतो. त्याच्या पाटीवर `2450MHz` असाही एक आकडा असतो. तो आत तयार होणाऱ्या लहरींचा आहे, घरच्या विजेचा नाही. फोटो पाठवणारे कितीतरी जण त्यालाच हर्ट्झ समजून "माझ्याकडे तर फार मोठा आकडा आहे" असं कळवतात. फक्त `60Hz` लिहिलेला मायक्रोवेव्ह ५० हर्ट्झच्या देशात नेऊ नका, असं मी स्वच्छ सांगतो. विका किंवा कुणाला देऊन टाका.

मैत्रिणीचा मिक्सर या परीक्षेत पास झाला. ब्रशची मोटर, कर्कश आवाज, वेग बदलायला साधी बटणं. हर्ट्झचा प्रश्न मिटला, व्होल्टेजचा उरला आणि त्याला ट्रान्सफॉर्मर हवा. तो केवढा, हे तिसरा आकडा ठरवतो.

वॉट म्हणजे यंत्र चालताना किती वीज ओढतं. कधी पाटीवर वॉट नसतात, फक्त अँपिअर असतात. मग व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करायचा, म्हणजे १२० व्होल्ट आणि ४ अँपिअर असतील तर ४८०. मायक्रोवेव्हवर दोन आकडे असतात, एक आत येणाऱ्या विजेचा आणि दुसरा अन्नाला मिळणाऱ्या उष्णतेचा. जाहिरातीत दुसरा, लहान आकडा लिहितात, पण तारांवर भार पडतो तो पहिल्याचा.

५०० वॉटच्या मिक्सरला ५०० चा ट्रान्सफॉर्मर घेऊ नये. मोटर सुरू होते त्या क्षणी ती पाटीवरच्या आकड्याच्या काही पट प्रवाह ओढते आणि भांड्यात काही अडकलं तर पुन्हा तसंच होतं. मोटरच्या यंत्राला मी पाटीच्या दुप्पट तरी क्षमता सांगतो, म्हणून तिला १००० सांगितला. कॉम्प्रेसर असेल तर तिप्पट-चौपट. नुसत्या हीटरला सव्वापट पुरते, पण १५०० वॉटच्या हीटरसाठी एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर घेण्यापेक्षा नवा हीटर घेणं शहाणपणाचं, तो स्वस्तही पडतो आणि जागाही अडवत नाही.

इथे एक धोका आहे आणि तो हाताने तोलून ओळखता येतो. १००० वॉटचा खरा ट्रान्सफॉर्मर लोखंड आणि तांब्याचा असतो, काही किलो भरतो. तळहातावर मावणारी, हलकी डबी "१६०० वॉट" म्हणत असेल तर ती ट्रान्सफॉर्मर नाही. ती विजेच्या प्रत्येक लाटेचा काही भाग कापून टाकते, जेणेकरून एकूण परिणाम १२० इतका होईल. पण कापलेल्या लाटेचं टोक तसंच ३२५ पर्यंत जाऊ शकतं. नुसती तार तापवणाऱ्या इस्त्रीला ते थोडा वेळ चालतं, मोटर किंवा सर्किट असलेल्या यंत्राला नाही. अशा डबीवर कुठेतरी बारीक अक्षरांत फक्त हीटरसाठी असं लिहिलेलं असतं, तेही वाचा.

राहिलं ते चौकोनातल्या चौकोनाचं चिन्ह. त्याचा अर्थ, यंत्रात दुहेरी इन्सुलेशन आहे आणि त्याला अर्थिंग लागत नाही, म्हणून दोन पिनांचा प्लग पुरतो. ते चिन्ह नसेल आणि प्लगला तिसरी, अर्थिंगची पिन असेल, तर ती ट्रान्सफॉर्मरपासून भिंतीपर्यंत अखंड पोचली पाहिजे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घातला की अर्थिंग तुटतं, आणि धातूचं अंग असलेल्या यंत्रात बिघाड झाला तर ती वीज हाताला लागते.

ट्रान्सफॉर्मर आल्यावर तिला मिक्सर लगेच जोडू दिला नाही. आधी नुसता ट्रान्सफॉर्मर चालू करून, माहितगार माणसाकडून मीटरने बाहेरचं व्होल्टेज बघून घ्यायला सांगितलं. ११६ आलं. पाटीवर १२० असताना हे उत्तम, कारण भिंतीतली वीज रात्री २५० वर गेली तरी बाहेर १२६ च्या आतबाहेर राहील. मग भांडं रिकामं ठेवून अर्धा मिनिट, मग पाणी घालून एक मिनिट, आणि प्रत्येक वेळी थांबून वास आणि उष्णता. सगळं नीट होतं.

शेवटचं काम तिने स्वतःहून केलं. अमेरिकी प्लगच्या दोन चपट्या पिना बहुउपयोगी सॉकेटमध्ये थेट बसतात, आणि घरात तिच्याशिवाय आणखी तिघं मिक्सर वापरणार होते. तिने मिक्सरचा प्लग ट्रान्सफॉर्मरच्या सॉकेटमध्ये घालून वायर पट्टीने बांधून टाकली आणि प्लगवर जाड मार्करने लिहिलं: फक्त १२०, भिंतीत लावू नये.